काकांचं शिफारसपत्र

काका हातासरशी शिफारसपत्र लिहून टाकतात. ते तपासण्यात संध्याकाळ माझी जाते. या वेळचं पत्र त्यांच्या मित्राच्या मुलासाठी होतं आणि सुरुवातच होती, ‘आय ॲम नोइंग हिम सिन्स चाइल्डहुड.’

“काका, नोइंग नको.”

“का? अजून ओळखतो की मी त्याला!”

आता यांना काय सांगायचं? ‘इंग’ लागतं ते धावणं, लिहिणं, वाट बघणं अशा चालू कामाला. ओळख असणं हे काम नव्हे, ती नुसती स्थिती आहे. ‘काय करताय?’ असं विचारल्यावर ‘शेजाऱ्यांना ओळखत बसलोय’ असं कुणी म्हणत नाही.

“मग आय नो हिम सिन्स चाइल्डहुड,” काकांनी लगेच तोडगा काढला.

मराठीत हे चोख बसतं. ‘लहानपणापासून ओळखतो’ म्हटलं की ‘पासून’ मागचं सगळं सांभाळून घेतं. इंग्रजीत मात्र साधा वर्तमानकाळ एवढा मागे पोचत नाही. ओळख तेव्हा सुरू झाली आणि आजही आहे, तेव्हा दोन्ही टोकं धरायला ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव नोन हिम.’

“बरं. पण चाइल्डहुड कुणाचं? माझ्या लहानपणी तो जन्मलाच नव्हता.”

शंका रास्त होती. म्हणून ‘सिन्स ही वॉज अ चाइल्ड’ केलं. इथे काकांनी उत्साहाने आणखी एक ‘हॅव’ घुसवायला घेतलं, ते मी वेळीच अडवलं. त्याचं लहानपण केव्हाच संपलं, तिथे साधा भूतकाळच बरा.

पुढचं वाक्य: ‘ही इज वर्किंग विथ मी सिन्स फोर इयर्स.’ इथेही घोळ ‘पासून’चाच. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो तसं ‘चार वर्षांपासून’ही म्हणतो. सिन्सला फक्त सुरुवातीचा क्षण चालतो: सोमवार, नऊ वाजता, 2021. ‘किती काळ?’ याचं उत्तर असेल तर फॉर. काम चालू आहे म्हणून ‘इंग’ही राहू द्यायचं: ‘ही हॅज बीन वर्किंग विथ मी फॉर फोर इयर्स.’

“एवढी शेपटं कशाला?” म्हणत काकांनी स्वतःच कात्री चालवली: ‘ही वर्क्ड विथ मी फॉर फोर इयर्स.’

व्याकरणात एकही चूक नाही. फक्त मुलाची नोकरी गेली. फॉर साध्या भूतकाळाशीही जमवून घेतो, पण मग अर्थ होतो चार वर्षं होता, आता नाही. बिचारा बढतीसाठी पत्र मागत होता.

शेपटं परत जोडली. काका सहीपाशी आले आणि पेन हवेतच थांबलं.

“हे ‘युवर्स सिन्सिअरली’ लिहितात ना, त्यात सिन्स आहे. मग पुढे साल घालू?”