‘करली’ ही चूक नव्हे, नियम सापडल्याची खूण

एका कथेतली लहान मुलगी ‘केली’ऐवजी ‘करली’ म्हणते. त्यावरचा प्रश्न: “आधी नीट ‘केली’ म्हणणारी मुलगी मध्येच ‘करली’ का म्हणू लागते?”

आधीचं ‘केली’ तिने अख्खा शब्द म्हणून उचललेलं असतं. ‘कर’शी त्याचं नातं तिला ठाऊक नसतं. पुढे पडली, बसली, उठली असे पुरेसे शब्द साठले की धातूला ‘ला-ली-लं’ जोडायचं हे तिला उमगतं, आणि मग ‘करली’, ‘येला’, ‘सांगलं’ सुरू होतं. मोठी माणसं असं बोलत नाहीत, म्हणजे ही नक्कल नाही.

कथेतल्या मुलीचं ‘दादाने गाडी करली’ हे वाक्य नीट बघा. ‘ने’ बरोबर आहे, ‘ली’ गाडीच्या लिंगाप्रमाणे आहे. चुकलंय फक्त धातूचं रूप, बाकी सगळं व्याकरण जागेवर आहे!

एक गोष्ट मात्र खटकली. कथेत ती दरवेळी ‘करली’च म्हणते. प्रत्यक्षात मुलं एकाच दिवशी ‘केली’ आणि ‘करली’ दोन्ही म्हणतात. पाठ असलेलं रूप वेळेवर आठवलं नाही की नियम पुढे येतो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या बोलण्याच्या नोंदींतही अशा चुका बरोबर रूपांपेक्षा कितीतरी कमी दिसतात. ‘केली’ पुन्हापुन्हा कानावर पडून पक्कं झालं की ‘करली’ आपोआप मागे पडतं. आईने टोकण्यापेक्षा “हो, दादाने गाडी केली” म्हणणं पुरे.