चौसष्ट नावं, एकच आराखडा: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

अभिप्राय (५ पैकी २ तारे): «वार्षिक सन्मान सोहळ्यासाठी ६४ प्रशस्तिपत्रं हाताने लिहून घेतली. नमुन्यात नाव ठसठशीत होतं, प्रत्यक्षात कुणाचं मोठं, कुणाचं लहान. आमच्या सर्वांत ज्येष्ठ सत्कारमूर्तींचं नाव दोन ओळींत तोडलं. आडनाव खाली एकटं पडलं. संगणकावर दाबून ते एका ओळीत सहज बसलं असतं. शिवाय १२ इंग्रजी प्रमाणपत्रांसाठी कॉपरप्लेट वळण, सगळी अक्षरं कॅपिटल, असं सांगितलं होतं. न विचारता इटॅलिकमध्ये दिली. अक्षर चांगलं आहे, पण व्यासपीठावर आम्हाला ओशाळल्यासारखं झालं.»

उत्तर:

नमस्कार. प्रशस्तिपत्रं ओळीने मांडलेला जो फोटो तुम्ही जोडला आहे, तो मी मोठा करून पाहिला. नावांच्या आकारातला फरक दिसतो, आणि ती चूक आमची आहे. ती कुठे झाली ते नीट सांगते, कारण लिहिताना ती झालीच नव्हती. आराखडा ठरवला त्याच दिवशी ती झाली.

नमुना लिहिताना आम्ही चार अक्षरांचं नाव घेतलं. तुमच्या यादीतली खरी नावं इथे देत नाही, मासल्याला त्याच मापाचं «उमा ओक» धरू. आडव्या ए-४ कागदाची रुंदी २९७ मि.मी. त्यातून वेलबुट्टी आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा वजा जाता नावासाठी १८० मि.मी. उरत होते, आणि तेवढीच लांब ठिपक्यांची रेघ आम्ही आराखड्यात छापली. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत ११ मि.मी. उंची धरली तर «उमा ओक» साधारण ६२ मि.मी. भरतं. १८० च्या रेघेवर ते हरवल्यासारखं दिसलं, म्हणून आम्ही उंची १४ मि.मी. केली. नाव ७९ मि.मी. झालं, भारदस्त दिसलं, तुम्हाला आवडलं. पुढचं सगळं या एका निर्णयातून आलं.

आता यादीतल्या सर्वांत लांब नावाच्या मापाचं नाव घेऊ: «डॉ. पुरुषोत्तम मृत्युंजय क्षीरसागर». देवनागरीत नावाची लांबी अक्षरं मोजून कळत नाही. «र» ७ मि.मी.त मावतो, «क्षी» १७ घेते, आणि प्रत्येक काना आपला दंड घेऊन येतो. म्हणून नाव कच्चं लिहून पट्टीने मोजावं लागतं. ११ च्या उंचीला हे नाव १९८ मि.मी. भरतं, १४ च्या उंचीला २५२. नमुन्याच्या मापात ते बसणं शक्यच नव्हतं. यादी हातात आली तेव्हा आम्ही ४१ नावं १४ च्या उंचीत लिहिली, २२ नावं ११ मध्ये उतरवली आणि एक नाव ११ मध्ये दोन ओळींत लिहिलं. प्रत्येक कागद सुटा पाहिला तर बरा दिसतो. पण सत्काराला माणसं शेजारी शेजारी उभी राहतात, आणि मग ज्याचं नाव लांब त्याचा मान लहान, असा अर्थ कागदावर उमटतो. तुम्हाला जे खटकलं ते हेच असणार, आणि ते खटकायलाच हवं.

खरं तर सगळी ६४ नावं ११ च्या उंचीत लिहायला हवी होती, आणि ठिपक्यांची रेघ काढून टाकायला हवी होती. रेघ असली की डोळा नावाची लांबी तिच्याशी ताडून पाहतो आणि आखूड नावाच्या दोन्ही बाजूंची रिकामी जागा मोजत बसतो. रेघ नसली की तीच जागा नावाभोवतीचा मोकळेपणा वाटते. मग ६२ मि.मी.चं नाव आणि त्याच्या तिप्पट लांबीचं नाव एकाच उंचीत, मधोमध, सारख्याच मानाने बसतं. आराखडा ठरवताना यादीतलं सर्वांत लांब नाव आधी लिहून पाहायचं, हे काम आमचं होतं. आम्ही सर्वांत सोपं नाव लिहून पाहिलं.

पण ११ मध्येही ते नाव १८ मि.मी. जास्तच होतं, मग ते एका ओळीत कसं आलं असतं? तुमचा अभिप्राय वाचल्यावर मी ते परत लिहून पाहिलं. शब्दांमधल्या तीन जागा थोड्या थोड्या आवळल्या, त्यात ६ मि.मी. सुटले. «डॉ.» सोडून चौदा अक्षरं आहेत. प्रत्येकाचं पोट अर्धा मि.मी. आत घेतलं, त्यात ७. नाव १८५ वर आलं. ठरलेल्या जागेबाहेर ते दोन्हीकडे अडीच अडीच मि.मी. जातं, आणि रेघ नसेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. उंची तीच, निब तीच, ओळ एक. हे त्या वेळी करून पाहिलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्यांचं नाव मोडलं त्यांचा मान त्या दिवशी सर्वांत मोठा होता.

दोन ओळी कराव्या लागल्याच असत्या, तरी आम्ही तोडलं ती जागा चुकीची होती. वर १३१ मि.मी. आणि खाली एकटं ५९ चं आडनाव, म्हणजे वरचा भार खालच्या ओळीला पेलत नाही, शिवाय आडनाव दुसऱ्याच माणसाचं वाटू लागतं. «डॉ. पुरुषोत्तम» वर आणि «मृत्युंजय क्षीरसागर» खाली, असं हवं होतं. दोन ओळींतलं अंतरही कमी पडलं. वरच्या ओळीला उकार आणि ऋकार आहेत, खालच्या ओळीला वेलांटी. दोघांना आपापली जागा द्यायची तर या उंचीला एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत २४ मि.मी. तरी लागतात. आराखड्यात २० होते, त्यामुळे नावाचा मधला भाग गजबजलेला दिसतो.

संगणकावर दाबण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, आणि ते मोकळेपणाने सांगते. १४ च्या उंचीचं २५२ मि.मी. नाव १८० मध्ये दाबायचं म्हणजे रुंदी सुमारे ७१ टक्क्यांवर आणायची. तसं केलं की उभे दंड पाऊणपटीपेक्षा बारीक होतात, पण आडवी शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. अक्षरावर फळी ठेवल्यासारखं दिसतं. दाबलेलं नाव ओळखायचं असेल तर एखाद्या कान्याची जाडी शिरोरेषेशी ताडून पाहा. शेजारच्या मजकुरात दोन्ही जुळतात आणि नावात जुळत नाहीत. आखूड नाव अक्षरांमधलं अंतर वाढवून ताणलं तर याच्या उलट होतं: शिरोरेषा अक्षरागणिक तुटते आणि नाव सुटं सुटं पडतं. हाताने लिहिताना मी अक्षराचं पोट आवळते, पण दंडाची जाडी निब जशीच्या तशी ठेवते. म्हणूनच उंची बदलली की आम्ही निबही बदलतो: १४ ला अडीच मि.मी.ची, ११ ला दोनची, म्हणजे अक्षर निबेच्या साधारण साडेपाचपट उंच राहतं. त्यामुळे तुमच्या कागदांवर लहान नावं निदान किरटी झाली नाहीत. अर्थात, आकारच दोन व्हायला नको होते.

आता इंग्रजी प्रमाणपत्रं. तुम्हाला न विचारता वळण बदललं, ही दुसरी चूक. आम्ही तुमच्या सहकाऱ्यांना फोनवर सांगितलं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं असं धरून चाललो. दोन्ही वळणांत एकेक नाव लिहून थेट तुम्हाला पाठवायला हवं होतं. कॅपिटलबद्दलचा निर्णय मात्र मी आजही बदलणार नाही. कॉपरप्लेटचं मोठं अक्षर शब्दाच्या डोक्यावर एकटं उभं राहण्यासाठी घडलेलं आहे. त्याच्या गोल फेऱ्यांना डावीकडे आणि खाली मोकळी जागा लागते, आणि पुढे लहान अक्षरांची शांत ओळ लागते. सगळीच अक्षरं मोठी लिहिली की फेरे एकमेकांत अडकतात आणि नाव वाचायला दोनदा थांबावं लागतं. सत्काराच्या कागदावर नाव एका नजरेत वाचता आलंच पाहिजे.

मोठं आणि लहान अशी नेहमीची कॉपरप्लेट देता आली असती का? आखूड नावांना, हो. तिच्यात वरचा भाग, मधलं अक्षर आणि खालचा भाग यांचं प्रमाण सहसा ३:२:३ धरतात. मधलं अक्षर वाचण्याजोगं ५ मि.मी. ठेवलं तर वर आणि खाली साडेसात साडेसात लागतात, म्हणजे एका नावाला २० मि.मी. उंची. तुमच्या इंग्रजी आराखड्यात नावाखाली लगेच पदाची ओळ होती. शिवाय ती पंचावन्न अंशांवर कललेली, जोडून लिहायची लिपी. लांब नावासाठी ती आवळली की लंबगोल चपटे होतात आणि «एन», «यू», «एम» एकापुढे एक आले की नुसत्या तिरक्या रेघा उरतात. इटॅलिकचा कल थोडा असतो, मुळातच ती अरुंद असते आणि आणखी थोडी आवळली तरी तिचा चेहरा बदलत नाही. बारा नावांत तीन फार लांब होती, म्हणून आम्ही इटॅलिक घेतली. कारण योग्य होतं, पण ते तुमच्याशी बोलायचं राहिलं.

पुढचं असं. ते ज्येष्ठांचं प्रशस्तिपत्र मी स्वतः पुन्हा लिहीन, एका ओळीत, रेघेविना. कच्चा नमुना आज तुमच्या पत्त्यावर निघाला आहे. १४ च्या उंचीत लिहिलेले एक्केचाळीस कागदही ११ च्या उंचीत विनामूल्य लिहून देईन. अडचण सह्यांची आहे: आधीच्या कागदांवर प्रमुख पाहुण्यांच्या सह्या झाल्या आहेत आणि नव्यांवर त्या परत घ्याव्या लागतील. जुन्या कागदावरची शाई पात्याने खरवडून त्याच जागी लिहिता येईल का, हेही मी त्याच कागदाच्या तुकड्यावर करून पाहिलं. खरवडलेल्या जागी धागे उठतात, नवी शाई त्यांत फुटते आणि उजेडाकडे धरलं की डाग दिसतो. ते मी करणार नाही.

तेव्हा सह्या कितीजणांसाठी परत मिळू शकतील तेवढं कळवा, तितके कागद मी आधी हातात घेते. नावांची यादीही परत एकदा पाठवा, «डॉ.», «श्री.», वडिलांचं किंवा पतीचं नाव हवं की नको, हे ज्याचं त्याने सांगितल्याप्रमाणे लिहून. या खेपेला सर्वांत लांब नाव मी सर्वांत आधी लिहून तुम्हाला दाखवीन, आणि तुम्ही होकार दिल्यावरच पुढचा कागद घेईन.