लहानात लहान आकडा उचलत गेलं की वाटप स्वस्त होतं?

> "असाइनमेंट प्रॉब्लेमचा उगाच बाऊ करतात. तक्त्यातला सगळ्यात लहान आकडा घ्या, त्याची ओळ आणि स्तंभ खोडा, मग उरलेल्यातला लहान घ्या. खर्च कमीत कमीच येतो. हंगेरियन पद्धत म्हणजे तेच, फक्त वजाबाकी करून. ओळीतून वजा, स्तंभातून वजा, शून्यं आली की संपलं. शंका असेल तर कॉम्प्युटरला सगळी वाटपं तपासायला लावा."

असाइनमेंट प्रॉब्लेम म्हणजे माणसांना कामं अशी वाटायची, की एकूण खर्च कमीत कमी येईल. तीन माणसं, तीन कामं आणि प्रत्येकाला एकच काम, असा हा तक्ता घ्या; प्रत्येक आकडा म्हणजे त्या माणसाकडून ते काम करून घेण्याचा खर्च.

```
     १    २    ३
अ    ४    ५    ९
ब    ५    ८   १४
क    ६    ९   १२
```

सगळ्यात लहान आकडा ४, म्हणून काम १ अ-ला. उरलेल्यात लहान ८, म्हणजे काम २ ब-ला. क-च्या वाट्याला काम ३ येतं, त्याचे १२. बेरीज २४. आता अ-ला काम २, ब-ला काम १ आणि क-ला काम ३ देऊन बघा: ५ + ५ + १२ = २२. पहिल्याच पावलावर केलेली बचत पुढे अंगाशी आली. अ तिन्ही कामांत सगळ्यांपेक्षा स्वस्त आहे, पण त्याला मिळणार एकच काम. त्यामुळे तो कुठे स्वस्त आहे यापेक्षा तो नसताना कुठे किती जास्त मोजावे लागतात, हे बघावं लागतं. लहान आकडा उचलताना ते दिसतच नाही.

सगळी वाटपं तपासायचा मुद्दा इथेच उरकतो. ३ माणसांची ६ वाटपं होतात, ती हातानेही तपासता येतील. २० माणसांची सुमारे २४३ वर १६ शून्यं इतकी होतात. सेकंदाला १०० कोटी तपासली तरी ७७ वर्षं लागतील.

आता वजाबाकी, कारण खरा गैरसमज तिथेच आहे. कोणत्याही वाटपात प्रत्येक ओळीतला नेमका एक आकडा येतो. म्हणून अ-च्या सगळ्या ओळीतून ४ वजा केले की प्रत्येक वाटपाचा खर्च ४ ने घटतो आणि वाटपांचा आपसातला क्रम तसाच राहतो. स्तंभांचंही तसंच. ओळींतून ४, ५, ६ आणि मग स्तंभांतून ०, १, ५ वजा केल्यावर हे उरतं:

```
     १    २    ३
अ    ०    ०    ०
ब    ०    २    ४
क    ०    २    १
```

शून्यं पाच आली, पण काम संपलं का? ब आणि क या दोघांचंही एकुलतं एक शून्य काम १ खाली आहे, आणि ते दोघांना देता येत नाही. आतापर्यंत एकूण २१ वजा झाले आहेत आणि तक्त्यात ऋण आकडा नाही, म्हणजे २१ पेक्षा स्वस्त वाटप असूच शकत नाही. पण शून्यांवरच वाटप बसत नसल्यामुळे २१ सुद्धा जमत नाही.

पद्धतीचा गाभा आता सुरू होतो. सगळी शून्यं कमीत कमी रेघांनी झाका. अ-ची ओळ आणि काम १ चा स्तंभ, दोन रेघा पुरतात. पुष्कळ जण इथे चुकतात: प्रत्येक ओळीवर एक अशा तीन रेघा मारतात आणि तीन माणसांना तीन रेघा झाल्या म्हणून थांबतात. कमीत कमी रेघा जितक्या, तितकीच एकमेकांच्या ओळी-स्तंभात न येणारी शून्यं निवडता येतात, हा डेनेश क्योनिग यांचा १९३१ सालचा सिद्धांत. क्योनिग आणि येनो एगरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामाच्या आधारे हॅरोल्ड कून यांनी १९५५ मध्ये ही पद्धत मांडली आणि त्या दोघांच्या देशाचं नाव तिला दिलं.

न झाकलेल्या आकड्यांत सगळ्यात लहान १. तो न झाकलेल्या सगळ्यांतून वजा करायचा आणि दोन रेघा जिथे छेदतात तिथे मिळवायचा. हा मंत्र नाही. ब आणि क या ओळींतून १ वजा केला आणि काम १ च्या स्तंभात १ मिळवला, की नेमकं हेच होतं:

```
     १    २    ३
अ    १    ०    ०
ब    ०    १    ३
क    ०    १    ०
```

दोनदा वजा, एकदा अधिक, म्हणजे एकूण वजाबाकी १ ने वाढून २२ झाली. आता ब-ला काम १ शिवाय पर्याय नाही, मग क-ला काम ३ आणि अ-ला काम २. सगळी शून्यांवर बसली. मूळ तक्त्यात खर्च २२, आणि २२ पेक्षा कमी शक्य नाही हेही त्याच आकड्याने सिद्ध झालं. लहान आकडे उचलत मिळालेल्या २४ सोबत असा कोणताच पुरावा येत नाही.

स्वतः सोडवताना हाच ताळा करा. ओळी-स्तंभांतली वजाबाकी घ्या, प्रत्येक दुरुस्तीला तो लहान आकडा गुणिले (माणसं वजा रेघा) एवढे मिळवा. मूळ तक्त्यातल्या खर्चाशी ही बेरीज जुळली नाही, तर बहुतेक वेळा छेदावर मिळवायचं राहून गेलेलं असतं.