डिलीट झालेले फोटो : सगळ्यांना साठ दिवस मिळत नाहीत

«फोटो चुकून डिलीट झाला तर घाबरू नका. गॅलरीच्या ट्रॅशमध्ये कोणताही फोटो 60 दिवस राहतो. तिथून गेला तरी रिकव्हरी ॲप टाकून परत मिळतो. सर्वांना पाठवा.»

चवथीनंतर फोनची साफसफाई करताना माटोळीचे आणि आरतीचे फोटो उडाले की कुटुंबाच्या ग्रुपवर हाच निरोप फिरतो. त्यावर विसंबलेल्या माणसाचे फोटो कायमचे जाऊ शकतात.

आधी साठ दिवसांचं बघू. ही मुदत गूगल फोटोजची आहे, आणि तीही फक्त बॅकअप झालेल्या फोटोंना. बॅकअप न झालेला फोटो अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढच्या फोनवर गूगल फोटोजमधून काढला, तर तो ट्रॅशमध्ये 30 दिवसच राहतो. सॅमसंगच्या स्वतःच्या गॅलरीचा ट्रॅशही 30 दिवसांचाच.

समजा, 27 ऑगस्ट 2025 च्या चवथीचे फोटो 5 सप्टेंबरला रात्री साडेनऊला गूगल फोटोजमधून डिलीट झाले. त्यातले काही तुमच्या कॅमेऱ्याने काढलेले आणि बॅकअप झालेले. काही फोंड्याच्या काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले. व्हॉट्सॲपचं फोल्डर आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय गूगल फोटोज त्याचा बॅकअप घेत नाही, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच नसतं. म्हणजे काकांच्या फोटोंची मुदत 5 ऑक्टोबरला संपली, तुमच्या फोटोंची 4 नोव्हेंबरला. नरकासुराच्या रात्री, 19 ऑक्टोबरला, ट्रॅश उघडलात तर निम्मेच फोटो दिसतील. बाकीचे कोणी चोरलेले नाहीत. त्यांचे तीस दिवस भरले.

कोणता फोटो कुठल्या मुदतीत आहे हे ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने photos.google.com/trash उघडणं. तिथे दिसला तर त्याचा बॅकअप आहे आणि मुदत साठ दिवसांची. फोनच्या ट्रॅशमध्ये आहे पण तिथे नाही, तर तीसच धरा आणि आजच परत आणा.

निरोपातला «गॅलरीचा ट्रॅश» हा शब्दही फसवा आहे. एकाच फोनवर दोन-तीन ट्रॅश असतात, म्हणून फोटो ज्या ॲपमधून काढला त्याच ॲपमध्ये आधी शोधायचा. गूगल फोटोजमध्ये खाली Collections, मग Trash. काही फोनवर तिथे Bin लिहिलेलं असतं. सॅमसंगच्या गॅलरीत खालच्या तीन रेघांवर दाबलं की Trash मिळतो, जुन्या फोनवर Recycle bin. फोटोवर बोट दाबून धरा, हवे ते निवडा आणि Restore करा. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून तिथून फोटो उडवला असेल तर तो यातल्या कुठल्याच ट्रॅशमध्ये जात नाही. मग बॅकअप आहे का तेवढंच बघायचं.

Restore केल्यावर «आला नाही» म्हणून पुष्कळ जण घाबरतात. फोटो सगळ्यात वर येत नाही, काढला त्या तारखेला जाऊन बसतो. 27 ऑगस्टपर्यंत मागे जाऊन बघा.

राहिलं रिकव्हरी ॲप. या मुद्द्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ॲपच्या भरवशावर माणूस मुदत घालवतो. बॅकअप नसलेला फोटो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये टाकला की अँड्रॉइड तो दुसरीकडे हलवत नाही; त्याच फोल्डरमध्ये नाव बदलून लपवतो:

```
.trashed-1759680000-IMG-20250827-WA0012.jpg
```

मधला आकडा म्हणजे मुदत संपायची वेळ, 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत. इथे ती 5 ऑक्टोबर 2025, रात्री साडेनऊ. अशी लपलेली फाइल किंवा एखादी छोटी, धूसर थंबनेल दाखवून ॲप «सापडला» म्हणतं. पहिली तर ट्रॅशमधून फुकट मिळते. पण मुदत संपून फाइल खरोखर पुसली गेली की गोष्ट वेगळी. अलीकडच्या फोनमध्ये प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट केलेली असते आणि रिकामी झालेली जागा फोन स्वतःच साफ करत राहतो. प्लेस्टोअरवरच्या ॲपला तिथून मूळ फोटो उचलता येत नाही, मग पैसे भरा की नका भरू.

फाइल जागेवरच असल्यामुळे ट्रॅशमध्ये टाकून फोनची जागाही लगेच मोकळी होत नाही. म्हणून «स्टोरेज भरलं» असं दिसताच लोक ट्रॅश रिकामा करतात, आणि त्याच क्षणी 30 काय नि 60 काय, दोन्ही मुदती संपतात. ते बटण दाबण्याआधी ट्रॅश एकदा शेवटपर्यंत खाली सरकवून बघा, आणि जागा हवीच असेल तर आधी व्हिडिओ निवडून तेवढेच काढा.