खुशाल बदला फंड!

तुमचा म्युच्युअल फंड गेलं वर्षभर शेजाऱ्याच्या फंडामागे रेंगाळतोय? मग बसलाय काय नुसते? उठा आणि बदला. विलेपार्ल्याच्या आमच्या आत्याने गेल्या डिसेंबरात बदलला. म्हणजे बँकेतल्या एका गोड मुलाने तो तिच्याकडून बदलून घेतला. ‘काकू, एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा’ इतकाच काय तो त्रास. आता जुलै लागलाय, आत्याच्या सीएने कागद मागवलेत आणि त्या ओटीपीची किंमत कळली आहे. तेव्हा ज्यांना असंच सुख हवंय, त्यांच्यासाठी पाच हिताच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, ‘काकू, स्विचला काही लागत नाही’ हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारू नका. वाईट दिसतं.

दुसरी, नवीन फंडाचं युनिट दहा रुपयांना मिळतंय म्हणजे स्वस्तच मिळतंय, असं धरून चाला. जुन्याचं नव्वदला होतं ना!

तिसरी, दलाली धरलेल्या रेग्युलर प्लॅनमधून त्याच फंडाच्या विनादलाली डायरेक्ट प्लॅनमध्ये जाताना तर कराचा विचार मनातही आणू नका. फंड तोच, मॅनेजर तोच, समभाग तेच. आयकर खात्याला मात्र ती जुन्याची विक्री आणि नव्याची खरेदीच दिसते. खात्याचा दृष्टिदोष, दुसरं काय!

चौथी, पैसे हलवायचेच तर करबचतीच्या ईएलएसएस फंडात हलवा, पैसे तीन वर्षं अडकले की निवांत झोपा. एसआयपी केलीत तर आणखी मजा. प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजतात, त्यामुळे शेवटचा हप्ता सुटेपर्यंत तुम्हाला दुसरा छंद लागलेला असतो.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची: हिशोब करू नका. हिशोब केला की काय होतं, ते आत्याच्याच आकड्यांवर दाखवतो.

तिच्या इक्विटी फंडात चार वर्षांपूर्वी टाकलेले ५ लाख होते, त्यांचे डिसेंबरात ९ लाख झाले होते. शिवाय त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एक एफडी मोडून आणखी ३ लाख टाकले होते, त्यांचे ३ लाख ३० हजार झाले होते. एकूण १२ लाख ३० हजार. मुलाने सगळे एका फटक्यात हलवले.

एप्रिलच्या पैशांना वर्ष झालं नव्हतं, म्हणून एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा दंड, एक टक्का. तो नफ्यावर नसतो, काढलेल्या अख्ख्या रकमेवर असतो. गेले ३,३०० रुपये. लोड वजा जाऊन उरलेला २६,७०० नफा अल्पमुदतीचा, त्यावर २० टक्के, म्हणजे ५,३४०. जुन्या पैशांवर ४ लाखांचा दीर्घमुदतीचा नफा. त्यातले आर्थिक वर्षाचे सव्वा लाख माफ, उरलेल्या पावणेतीन लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे ३४,३७५. कराच्या बेरजेवर चार टक्के उपकर धरला की कर होतो ४१,३०० च्या आसपास. मुद्रांक शुल्क आणि एसटीटी मिळून शंभरच्या आतच, ते सोडून देऊ. लोड मिळवला की एकूण ४४,६०० रुपये. सव्वाबारा लाखांवर साडेतीन टक्क्यांहून जास्त! म्हणजे नव्या फंडाने जुन्याला तीन वर्षं, दरवर्षी एका टक्क्याहून थोडं जास्त हरवलं, तर आत्या जिथे होती तिथे पोहोचणार. आणि तो हरवेल याची हमी त्या मुलाने कुठे लिहून दिली आहे? कुठेच नाही.

यातली खरी गंमत पुढेच आहे. स्टेटमेंटमध्ये ‘स्विच आउट’ आणि ‘स्विच इन’ अशा दोन ओळी दिसतात आणि मध्ये फक्त ३,३०० कापलेले दिसतात. निवासी भारतीयाच्या अशा नफ्यावर फंड कंपनी टीडीएस कापत नाही. धंदा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ करही भरावा लागत नाही. म्हणजे जखम डिसेंबरात आणि रक्त जुलैत! ४१,३०० रुपये फंडातून नाही, आत्याच्या बचत खात्यातून जाणार, आणि तोवर तो गोड मुलगा दुसऱ्या शाखेत बदलून गेलाय. नव्या मुलाने फाइल उघडून सांगितलं, ‘मॅडम, लोड तर फक्त ३,३०० दिसतोय.’ दिसणारच! तेवढाच दिसतो, म्हणून तर तेवढाच सांगतात!

कुणी हुशार लगेच म्हणेल, कर काय, पैसे काढताना कधीतरी भरायचाच होता. अर्धं खरं आहे. पण लोड कायमचा गेला, अल्पमुदतीचा जादा दर कायमचा गेला, आणि सव्वा लाखाची माफी जी दरवर्षी नव्याने मिळते, ती चार वर्षांचं काम एका वर्षात उरकल्याने एकदाच मिळाली. शिवाय नव्या फंडात लोडचं घड्याळ आणि बारा महिन्यांचं घड्याळ, दोन्ही पुन्हा शून्यापासून सुरू.

आता हेच थांबून केलं असतं तर? युनिट विकताना जे आधी घेतलं ते आधी विकलं, असं धरतात. म्हणजे थोडेसेच पैसे हलवले की आपोआप जुनेच बाहेर पडतात, एप्रिलच्या नव्यांना हात लागत नाही. मार्चआधी साधारण २ लाख ८० हजारांचे जुने युनिट हलवले असते, तर नफा सव्वा लाख आणि कर शून्य. (आत्याचे दुसरे शेअर वा फंड विकलेले नव्हते, ही माफी सगळ्या विक्रीची मिळून एकच असते.) एप्रिलमधली ती रक्कम वर्षाची झाली की उरलेलं सगळं हलवायचं: लोड नाही, अल्पमुदत नाही, पुन्हा सव्वा लाख माफ. भाव तेवढेच धरले तर कर २३,४०० रुपये. चार महिने कळ काढण्याचे वीस हजारांवर वाचले असते. आणि फंडाची एवढी काही आग लागली नव्हती, म्हणून आणखी एक एप्रिल थांबून तिसरा हप्ता केला असता, तर एकूण कर ७,१५० वर आला असता.

हे सगळं काढायला मला लागलं एक फंडाचं स्टेटमेंट, ज्यात प्रत्येक खरेदीची तारीख, युनिट आणि भाव छापलेले असतात, आणि एक साधा कॅल्क्युलेटर. चहा गार व्हायच्या आत झालं. त्या वातानुकूलित शाखेत बसलेल्या, गळ्यात पट्टा घातलेल्या माणसाला हे जमत नाही? जमतं हो! त्याला टार्गेट वेगळं दिलेलं असतं, म्हणून जमवायचं नसतं. सत्तरीच्या बाईकडून ओटीपी मागताना तुम्ही तिला कर सांगत नाही, लोडची तारीख सांगत नाही आणि वर ‘काही लागत नाही’ म्हणता? हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक असतं.

आणि तुम्ही, वाचणारे! पुढच्या वेळी कुणी ‘स्विच करा’ म्हणालं, तर त्याच्याकडून तीन आकडे लेखी घ्या: लोड किती, अल्पमुदतीचा कर किती, दीर्घमुदतीचा कर किती. देत नसेल तर ओटीपी देऊ नका. फोन ठेवून द्या.