थाळीला मान वळवली म्हणून कान चांगले?

"मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा. मागून थाळी वाजवा, मान वळवली की कान ओके, टेस्टवर पैसे घालू नका. घरात दोन भाषा असल्या की पोर गोंधळतं, एकच ठेवा. वेखंड मधात उगाळून जिभेला चोळा, जीभ सुटते. प्रत्येक आईपर्यंत पोचवा."

हे पोचलं आमच्या ताईपर्यंत, एरंडोलला, तिच्या सासूबाईंच्या फोनवरून. भाचा तेव्हा सव्वीस महिन्यांचा. दाजींनी त्याच दिवशी स्वयंपाकघरातून थाळी आणून बडवली, पोराने मान वळवली, आणि ताईने काढून ठेवलेली डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल झाली. म्हणून हा राग.

थाळीचंच आधी घेतो, कारण बाकीच्याने वेळ जातो पण याने खोटा दिलासा मिळतो. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं, थाळी त्याच्या कितीतरी वर. त्यामुळे ज्याला थोडं किंवा मध्यम कमी ऐकू येतं तो पोरगाही थाळीला वळणारच. शिवाय दाजी मागून येताना सावली पडते, फरशी हादरते, पोरं हुशार असतात. त्यातून फार तर एवढंच कळतं की पोर ठार बहिरं नाही. "स", "श", "फ" हे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतात का, ते नाही कळत. आणि शब्द शिकायला तेच लागतात ना भाऊ.

भाच्याला थंडीभर सर्दी होती. बारा दिवस भांडून आम्ही त्याला जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी ओएई, म्हणजे कानात छोटं बोंड घालून केलेली दोन मिनिटांची टेस्ट. दोन्ही कान "रेफर" आले. ताई तिथेच रडायला लागली, पण रेफर म्हणजे बहिरा नाही, पुढे तपासा एवढाच अर्थ. मग इम्पीडन्स, त्यात मशीन कानातली हवा कमीजास्त करून पडदा हलतो का बघतं. पडदा नीट हलला तर ग्राफवर सातपुड्यासारखा डोंगर येतो, आमच्याकडे तापीकाठच्या शेतासारखी सपाट रेघ. पडद्यामागे पाणी. शेवटी झोपवून बेरा केली, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी टेस्ट, त्यात थोडं कमी ऐकू येतंय हे पक्कं झालं. कानात बोटं घालून कोणाचं बोलणं ऐका, साधारण तसं. कधी जास्त कधी कमी होतं म्हणून घरचे म्हणत "मूडी आहे, मनात आलं की ऐकतो."

दाजी म्हणाले, जन्मल्यावर टेस्ट पास झाली होती ना. झाली होती, पण तो रिपोर्ट त्या दिवसाचा. पाणी नंतर साचतं, आणि मेंदूज्वर वगैरे झाला तर ऐकणं नंतरही जातं.

मुलगे उशिरा बोलतात यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. मुलींपेक्षा थोडे मागे असतात, आणि उशिरा बोलणारी बरीच पोरं पुढे बरोबरीला येतातही. पण कुठलं येणार आणि कुठलं नाही हे दोन वर्षांचं पोर बघून कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर तपासायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची, कोणत्या वयात पोराला काय यायला हवं याची २०२२ ची यादी बघा: दोन वर्षांला दोन शब्द जोडून ("दूध दे"), अडीच वर्षांला साधारण ५० शब्द. आणि ही सरासरी नाही, चारातली तीन तरी पोरं त्या वयात करतात तेच त्यांनी यादीत घेतलंय. भाषातज्ज्ञ तर कित्येक वर्षं दोन वर्षांलाच ५० धरत आलेत. भाच्याचे चौदा होते, जोडी एकही नाही. तीन वर्षांपर्यंत थांबलो असतो तर ऐकून शिकायचे दहा महिने फुकट गेले असते.

मोजायचं कसं तर आठवडाभर फ्रीजवर कागद लावा. कुत्र्याला दरवेळी "भू" म्हणत असेल तर तो शब्द धरा, तुमच्या मागून फक्त नक्कल केली तर नका धरू. आजीशी अहिराणीत "आठे" म्हणतो आणि आईशी "इकडे", तर ते दोन शब्द, दोन्ही मोजा. दोन भाषांनी पोर मुकं होत नाही. आजीला अहिराणी बंद करायला लावलं की ती बिचारी गप्प बसते आणि पोराशी बोलणारं एक माणूस कमी होतं.

वेखंडावर काय बोलू. बोलणं जिभेवर अडलेलं नाहीये, कानातून आत जात नाहीये.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, या पाण्याला त्याचा उपयोग नाही म्हणाले. तीन महिने थांबून परत टेस्ट, कारण बऱ्याचदा पाणी आपोआप जातं. दोन्ही कानात राहिलंच आणि ऐकणं कमीच असेल तर पडद्यात बारीक नळी बसवतात, ग्रोमेट. तोवर टीव्ही बंद, जवळ बसून, तोंड दिसेल असं बोलायचं. स्पीच थेरपी मात्र लगेच सुरू. तीन महिन्यांनी डाव्या कानाचा डोंगर आला, उजवा सपाटच, पुढची तारीख दिलीय. कागदावर एकतीस शब्द आहेत, आणि परवा आजीला म्हणाला "पानी दे".

पैशाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीत आरबीएसकेचं, म्हणजे सरकारी बालतपासणीचं पथक येतं त्यांना गाठा, ते अशा पोरांच्या तपासणी-उपचारासाठी असलेल्या जिल्ह्याच्या सरकारी डीईआयसी सेंटरला पाठवतात, तिथे फी नाही. आणि येत असलेले शब्द पोर विसरायला लागलं तर पथकाची वाटही बघू नका, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या.