मोठ्या गावाला झुकतं माप मिळतं, पण घराचं काय?

सर्वेक्षणासाठी गावं निवडताना पीपीएस, म्हणजे गावात जितकी जास्त घरं तितकी ते निवडलं जाण्याची शक्यता जास्त ठेवणारी पद्धत, वापरू नका, असा एक सल्ला मिळाला आहे: "पीपीएस म्हणजे मोठ्या गावांना झुकतं माप आणि लहान गावांवर अन्याय. त्यापेक्षा यादीतून ठरावीक अंतराने गावं उचला, प्रत्येक गावात दर दहावं दार करत वीस घरं घ्या. सगळ्यांना समान संधी. स्तर पाडायचीही, म्हणजे गावांचे गट करून प्रत्येक गटातून वेगळी निवड करायचीही, गरज नाही."

समान संधी कोणाला द्यायची, हे आधी ठरवू या. आपलं सर्वेक्षण कुटुंबांचं आहे. नळ आहे का, कर्ज किती, कापूस किती क्विंटल झाला, हे आपण घराला विचारतो, गावाला नाही. म्हणून संधी घराची मोजायची.

समजा एका भागात दहा गावं आहेत आणि यादीच्या क्रमाने त्यांतली घरं ६०, ४२०, ११०, ९०, ६४०, ८०, १५०, ५०, ३०० आणि १०० आहेत. एकूण २,०००. यातली चार गावं निवडायची आणि प्रत्येकात वीस घरं घ्यायची. सगळी गावं सारखी धरली तर प्रत्येक गावाची संधी दहात चार. पुढे पन्नास घरांच्या गावात वीस घरं म्हणजे तिथल्या एका घराची एकूण संधी १६ टक्के झाली. ६४० घरांच्या बाजारगावात तीच संधी सव्वा टक्का. एका घराला दुसऱ्याच्या जवळजवळ तेरापट संधी! अन्याय झालाच असेल तर तो इथे झाला.

याचा निष्कर्षावर काय परिणाम होतो तेही पाहा. तीन मोठ्या गावांत मिळून १,३६० घरं आहेत. समजा त्यांतल्या ८० टक्के घरांत नळ आहे आणि उरलेल्या सात गावांत ३० टक्के घरांत. खरा आकडा येतो ६४ टक्के. सुचवलेल्या पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुना काढला आणि नुसती सरासरी घेतली, तर ती ४५ टक्क्यांच्या आसपास फिरत राहील. गावं वाढवली तरी ही चूक जात नाही. वजन लावून, म्हणजे कमी संधी मिळालेल्या घराचं उत्तर त्या प्रमाणात जास्त मोजून, ती दुरुस्त करता येते, हे खरं. पण वजनं इतकी विषम असली की मोजक्या घरांवर सगळा आकडा तोलला जातो आणि अंदाज डळमळतो.

आता पीपीएस. घरांची चढती बेरीज मांडा: ६०, ४८०, ५९०, ६८०, १,३२०, १,४००, १,५५०, १,६००, १,९००, २,०००. चार गावं हवीत, म्हणून अंतर ५००. १ ते ५०० मधला एक यादृच्छिक आकडा काढा, समजा १३७ आला. मग १३७, ६३७, १,१३७ आणि १,६३७ हे आकडे ज्या गावांच्या पट्ट्यात पडतात ती गावं घ्या: दुसरं, चौथं, पाचवं आणि नववं. मोठं गाव येण्याची शक्यता जास्त आहे, पण तिथल्या एका घराला वीसात येण्याची शक्यता तेवढीच कमी. दोन्हींचा गुणाकार केला की प्रत्येक घराची संधी ४ टक्के येते, घर बाजारगावातलं असो की पन्नास उंबऱ्यांच्या गावातलं. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या: ठरावीक अंतराने उचलणं हे पीपीएसच्या पोटातच आहे. त्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करण्यातच सल्ल्याची पहिली गफलत आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. पाचव्या गावात ६४० घरं आहेत, म्हणजे अंतरापेक्षा जास्त. ते गाव दरवेळी येणारच, आणि सुरुवात १८१ ते ३२० च्या मध्ये पडली तर दोनदा येईल. म्हणून अशा गावाचे निवडीआधीच दोन भाग करून यादीत दोन ओळी लिहाव्यात. उलट टोकाला, वीस घरंही नसलेलं गाव शेजारच्या गावाला जोडावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत चाळीसपेक्षा कमी घरांची गावं अशीच जवळच्या गावाला जोडली होती. रिठी गावांचा प्रश्न पीपीएसमध्ये उद्भवतच नाही. महसुली यादीत नाव आहे, पण वस्ती शून्य, म्हणजे आकडेवारीच्या पट्ट्यात जागाही शून्य. नुसती गावं मोजत गेलात तर रिठीवर बोट पडतं आणि मग पथक 'जवळचं दुसरं' गाव स्वतःच्या मर्जीने घेतं.

'दर दहावं दार' हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. घरयादी न करता चौकातून मोजायला सुरुवात केली की वीस घरं मुख्य वस्तीतच भरतात. झरी जामणीकडे कोलामांचा पोड गावठाणापासून दूर असतो, मेळघाटात ढाणा असतो, कुठे तांडा, तर कुठे पारध्यांचा बेडा. तिथवर मोजणी पोचतच नाही. आधी नकाशा काढावा, पोलीस पाटील किंवा आशाताईंना सोबत घेऊन शेवटच्या झोपडीपर्यंत क्रमांक द्यावेत, मगच अंतर ठरवावं.

वरचंच चौथं गाव घेऊ. २०११ च्या जनगणनेत तिथे ९० घरं होती. पुढे पुनर्वसनाची वस्ती आली आणि आता घरयादीत १७२ घरं निघाली. १७२ भागिले २० म्हणजे ८.६. बरेच जण हा आकडा सोयीसाठी ८ करतात. मग सुरुवात जास्तीत जास्त आठव्या घरापासून होते आणि विसावं घर फार तर १६० वं येतं. शेवटची बारा घरं कधीच निवडली जाणार नाहीत. घरयादीत शेवटी काय असतं? पोड असतो किंवा नवी वस्ती असते. म्हणून अपूर्णांक तसाच ठेवा. सुरुवात ३.४ आली तर दरवेळी ८.६ मिळवत जा आणि प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकावर न्या: ४, १२, २१, असं करत शेवटचं घर १६७ वं. घराला कुलूप असेल तर पुन्हा जा, नंतरही मिळालं नाही तर 'मिळालं नाही' असं लिहा, पण शेजारचं घर घेऊ नका. दिवाळीनंतर कामाला बाहेर गेलेल्या कुटुंबांची कुलपं तुम्ही शेजाऱ्यांनी भरून काढलीत, तर स्थलांतर करणारेच आकड्यातून गायब होतात.

याच गावात पीपीएसची मर्यादाही दिसते. गाव निवडलं गेलं ९० घरांच्या हिशेबाने, वीस घरं घेतली १७२ मधून, त्यामुळे इथल्या घराची संधी ४ टक्क्यांवरून साधारण २.१ टक्क्यांवर आली. इतर घरांचं वजन २५ असेल, तर या घरांचं सुमारे ४७.८ धरावं लागेल. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे जुन्या घरसंख्येवर निवड करणाऱ्यांना अशी तफावत जागोजागी भेटेल. घरयादीतला आकडा फाइलमध्ये जपून ठेवला नसेल तर ही दुरुस्ती नंतर करता येत नाही.

राहिला स्तरांचा मुद्दा. पीपीएसमध्ये धारणी-चिखलदऱ्याला, म्हणजे मेळघाटाला, अमरावती जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येइतकाच वाटा मिळतो. जिल्ह्याचा आकडा काढायला तो पुरतो. यादी तालुकावार लावून मग अंतराने निवड केली तर नमुना सगळ्या तालुक्यांत आपोआप पसरतो, वेगळे स्तर न पाडताही स्तरांचा बराच फायदा पदरात पडतो. पण मेळघाटाचा स्वतंत्र आकडा हवा असेल तर तेवढी गावं पुरत नाहीत. तेव्हा मेळघाटाचा वेगळा स्तर करावा, तिथे जास्त गावं द्यावीत, प्रत्येक स्तरात स्वतंत्र पीपीएस चालवावं, आणि जिल्ह्याची सरासरी काढताना त्या घरांना कमी वजन द्यावं. हे सगळं निवडीआधी ठरतं. निवड झाल्यावर 'मेळघाट कमी पडला' म्हणून चार गावं हाताने वाढवली, तर त्या गावांची संधी किती होती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि संधी माहीत नसेल तर वजनही लावता येत नाही.